तयार मिळालेला पोळ्याचा निबंध मुलाच्या शब्दांत कसा आणायचा

श्रावण संपत आला की पाचवी ते आठवीच्या वर्गांत 'बैलपोळा' हा निबंध येतोच. हल्ली त्यातले बरेच निबंध मोबाइलवरच्या एआय साधनाकडून लिहून घेतलेले असतात. पालकांनी विषय टाइप केला, निबंध आला, मुलाने तो वहीत उतरवला. शिक्षकाला हे ओळखायला वेळ लागत नाही, कारण एकाच वर्गातल्या अनेक वह्यांमध्ये तोच 'कृतज्ञतेचा सण' आणि तेच 'चैतन्यमय वातावरण' असतं. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे आणि ज्याने बैल फक्त रस्त्यावर पाहिला आहे, अशा दोन मुलांचा निबंध शब्दशः सारखा निघतो.

असा निबंध घरात आलाच असेल तर त्याचं काय करायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. मी विदर्भात मराठी शिकवतो, म्हणून उदाहरण आमच्याकडच्या पोळ्याचं घेतलं आहे. पालकांना आणि शिक्षकांना ही पद्धत सारखीच वापरता येईल.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण बहुतेक जण इथेच चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. ते अवघड शब्द काढून सोपे घालत बसतात. 'कृतज्ञता व्यक्त करतात' खोडून 'आभार मानतात' लिहितात, 'सायंकाळी'चं 'संध्याकाळी' करतात. शब्द सोपे होतात, पण निबंधात मूल कुठेच दिसत नाही, बैलही दिसत नाही. म्हणून आधी मुलाने पाहिलेलं गोळा करायचं आणि शब्दांकडे नंतर वळायचं. असं केलं की शब्द सोपे करण्याचं अर्धं काम आपोआप होतं, कारण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मूल अवघड शब्दांत सांगतच नाही.

नमुना म्हणून असा एक निबंध समोर ठेवू. साधनं साधारण याच चालीचा मजकूर देतात:

"भारत हा कृषिप्रधान देश आहे. बैलपोळा हा शेतकऱ्यांचा अत्यंत महत्त्वाचा सण असून तो श्रावण महिन्यातील पौर्णिमेला मोठ्या उत्साहात साजरा केला जातो. हा सण केवळ एक परंपरा नसून बैलांप्रति कृतज्ञता व्यक्त करण्याची अनमोल संधी आहे. या दिवशी बैलांना स्नान घातले जाते, त्यांची शिंगे रंगवली जातात आणि त्यांना आकर्षक दागिन्यांनी सजवले जाते. सायंकाळी ढोल-ताशांच्या गजरात त्यांची भव्य मिरवणूक काढली जाते. घरोघरी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. संपूर्ण गावात आनंदाचे आणि चैतन्याचे वातावरण असते. बैलपोळा आपल्याला प्राण्यांशी असलेल्या अतूट नात्याची आठवण करून देतो. आपण सर्वांनी हा समृद्ध सांस्कृतिक वारसा जपला पाहिजे."

पहिली पायरी: पेन्सिल घेऊन वाचन

निबंध कागदावर उतरवून घ्या किंवा छापून घ्या. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि पेन्सिल त्याच्याच हातात द्या. प्रत्येक वाक्यापाशी थांबून त्याने तीनपैकी एक खूण करायची. हे मी स्वतः पाहिलं आहे असं वाटलं तर वाक्याखाली रेघ. शब्द कळला नाही तर त्याभोवती गोल. आणि पोळा खोडून तिथे दिवाळी लिहिली तरी वाक्य चालत असेल, तर त्यावर फुली.

ही तिसरी कसोटी मुलांना लगेच जमते. 'दिवाळीत संपूर्ण गावात आनंदाचे आणि चैतन्याचे वातावरण असते.' चाललं, म्हणजे फुली. 'दिवाळी हा समृद्ध सांस्कृतिक वारसा आपण जपला पाहिजे.' तेही चाललं. 'दिवाळीत शिंगे रंगवली जातात' मात्र चालत नाही, म्हणून ते वाक्य राहिलं. वरच्या निबंधात अशा चाळणीतून आंघोळ, शिंगं, दागिने, मिरवणूक आणि पुरणपोळी एवढंच खाली उरतं. खरा उपयोग याच पाच गोष्टींचा आहे. हा निबंध आता निबंध राहिला नाही, मुलाला काय काय विचारायचं याची यादी झाला.

गोल केलेले शब्द बाजूला लिहून ठेवा. पण त्यांचे अर्थ मुलाला पाठ करायला लावू नका, कारण त्यातले बहुतेक पुढे लागणारच नाहीत.

दुसरी पायरी: खरं-खोटं आपल्या गावात तपासणं

वरच्या परिच्छेदात एक सरळ चूक आहे. पोळा श्रावणातल्या पौर्णिमेला नसतो, अमावास्येला असतो. त्याच दिवसाला पिठोरी अमावास्या म्हणतात. श्रावण पौर्णिमा ही नारळी पौर्णिमा, त्याच दिवशी राखी. अशा चुका गुळगुळीत वाक्यांत सहज लपतात, कारण बाकीचं सगळं बरोबर वाटत असतं.

काही गोष्टी चूक नसतात, पण तुमच्या गावच्या नसतात, आणि त्या ओळखणं अधिक अवघड असतं. कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूला बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढात येतो. काही भागांत भाद्रपदातल्या अमावास्येला पोळा करतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैलांचा. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. साधनाने लिहिलेल्या निबंधात या सगळ्यांची सरमिसळ होऊ शकते. इंग्रजी महिना लिहिला असेल तर तोही तपासा, कारण तिथीनुसार तारीख खूप हलते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे पोळा 14 सप्टेंबरला आला होता, 2024 साली 2 सप्टेंबरला.

तपासायला फार काही लागत नाही. तिथीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रीतीसाठी घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, आणि विचारायचं मुलानेच. 'ढोल-ताशांच्या गजरात भव्य मिरवणूक' हे वाक्य घेऊन एका सहावीतल्या मुलीने आपल्या आजोबांना, म्हणजे आबाजींना, विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे मिरवणूक कुठे असते, आपल्याकडे तर पोळा भरतो. त्या एका उत्तरातून पुढे आखर म्हणजे पोळा भरतो ती मोकळी जागा, तिथे बांधलेलं तोरण, झडत्या म्हणजे तिथे म्हटली जाणारी पोळ्याची गाणी, असं बरंच निघालं. म्हणून ही पायरी टाळू नका. चूक शोधायला गेलं की नवा मजकूर हाती येतो.

तिसरी पायरी: कागद मिटून विचारणं

आता तो निबंध खरोखर बाजूला ठेवा, मुलाच्या नजरेआड. समोर राहिला तर मूल त्याच वाक्यांत उत्तरं देऊ लागतं. तुम्ही वही घ्या, मूल बोलेल आणि तुम्ही लिहून घ्याल. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

सगळं अवलंबून आहे ते प्रश्नावर. 'पोळ्याला कसं वाटलं?' असं विचारलं की 'खूप मजा आली' एवढंच उत्तर येतं, आणि त्यात मुलाची चूक नाही. भावनेबद्दल विचारू नका, जागा, हात, आवाज, वास, क्रम यांबद्दल विचारा. बैल कुठे धुतले? धरलं कुणी होतं? आधी कुठला आला? त्याने काय केलं? रंग कशात होता? तू त्या वेळी कुठे उभी होतीस, हातात काय होतं? ठरल्याप्रमाणे काय झालं नाही? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ठरल्याप्रमाणे जे होतं ते साधनालाही ठाऊक असतं. जे बिनसलं, सांडलं, उशिरा झालं, ते फक्त तिथे हजर असलेल्याला ठाऊक असतं.

वर सांगितलेल्या मुलीच्या उत्तरांतली काही इथे देतो. ती जशी बोलली तशीच लिहून घेतली होती:

"चांद्या पाणी पाहून मांगंच सरते. लाल्या चुपचाप उभा राह्यते."
"आबाजीनं त्याच्या कानाशी बोलून बोलून आत नेलं."
"शिंगाले बाबा लाल पेंट लावत होते, डब्बा माह्या हातात होता. चांद्यानं मान हलवली न् पेंट कानावर पडला."
"झूल उंदरानं कुरतडली होती. आईनं साडीचा तुकडा लावला."
"लाल्याच्या खांद्यावर केस नाही. जुवानं घासून गेले. तिथं हात लावला तं जाड लागते."
"यंदा आखरावर दोन टॅक्टरबी उभे होते, फुगे लावून."

हे लिहून घेताना भाषा सुधारू नका. 'सरते' ऐकून 'सरतो म्हण' असं मध्येच सांगितलं की मूल पुढच्या वाक्याला सावध होतं आणि पुन्हा पुस्तकी बोलू लागतं. शुद्धलेखनाची वेळ शेवटी येणार आहे.

मुलाने पाहिलेलंच नसेल तर? शहरातल्या मुलांचा हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कल्पनेतून बैल उभा करणं हे नाही. त्याने जे पाहिलं आहे तेच लिहावं. बाजारात मातीचे बैल विकायला बसलेली बाई, घरी पाटावर त्या बैलांची झालेली पूजा, सोसायटीतला तान्हा पोळा, लाकडी बैलाचं चाक निघणं, हे सगळं पाहिलेलंच आहे. गावची माहिती हवी असेल तर आजीला फोन करून विचारावं आणि निबंधात तसंच लिहावं, 'आजी सांगते की'. या तीन शब्दांनी निबंध कमकुवत होत नाही. कुठली गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि कुठली ऐकली, हा फरक मुलाला या वयात कळला तर तो त्याला इतिहासाच्या तासालाही उपयोगी पडेल.

चौथी पायरी: मोठे शब्द कुठे दिसतात ते शोधणं

आता एक अडचण येते. शिक्षकांनी अनेकदा मुद्दे दिलेले असतात: सण केव्हा येतो, कसा साजरा करतात, सणाचं महत्त्व. शेवटच्या मुद्द्यापाशी घरचे लोक पुन्हा 'कृतज्ञता' आणि 'अतूट नातं' यांच्याकडे वळतात, कारण महत्त्व असंच लिहायचं असतं असं त्यांना वाटतं.

या शब्दांवर फुली मारण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारून पाहा: ही गोष्ट कुठे दिसते? कृतज्ञता कुठे दिसते? मुलीच्या उत्तरांत ती आधीच आली आहे. लाल्याच्या खांद्यावर जू घासून केस गेले आहेत, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी आबाजी त्याच खांद्यावर हळद आणि लोणी चोळून तो शेकतात. वर्षभर ज्या जागी ओझं आलं, नेमक्या त्या जागेची सेवा. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की महत्त्वाचा मुद्दा लिहून झाला. आभार हा शब्द आला नाही तरी चालतं, वाचणाऱ्याला कळतं.

'अतूट नातं' कुठे दिसतं? पाण्याला बुजणारा चांद्या आबाजींच्या आवाजाने आत येतो, तिथे. 'बदलता काळ' कुठे दिसतो? फुगे बांधलेल्या दोन ट्रॅक्टरांत. 'उत्साह' कुठे दिसतो? तो नीट सापडला नाही, तर सोडून द्या. जो मोठा शब्द मुलाच्या आठवणीत कुठेच दिसत नाही, त्याला निबंधात जागा नाही.

एवढं झाल्यावर निवड करायची. सगळ्या आठवणी घेतल्या तर निबंध यादीसारखा होतो. सहावीसाठी पंधरा-वीस ओळी मागितल्या असतील तर चार प्रसंग पुरेत, आणि त्यातला एक थोडा लांब असावा. कुठला लांब असावा हे मुलाने ठरवावं. सांगताना ते ज्या प्रसंगापाशी आपोआप रेंगाळलं, तोच बहुधा योग्य असतो. क्रम दिवसाचा ठेवा: आदली संध्याकाळ, सकाळ, दुपार, संध्याकाळ. या वयाला त्याहून वेगळी रचना लागत नाही.

पाचवी पायरी: मुलाने लिहिणं, मग शब्द सोपे करणं

पहिला कच्चा मजकूर मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा. तुमची टिपणं समोर असू देत, तयार निबंध नको. पण तो वाचलेला असल्यामुळे त्याची वळणं डोक्यात राहतातच. त्याच मुलीच्या कच्च्या निबंधात अशी वाक्यं आली होती: 'त्यानंतर बैलांची शिंगे लाल रंगाने रंगवण्यात आली.' 'बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य अर्पण करण्यात आला.' 'लाल्या आणि चांद्या अत्यंत आकर्षक दिसत होते.'

यातल्या पहिल्या दोन वाक्यांत काम करणारा माणूस गायब आहे. 'करण्यात आले', 'केला जातो', 'दाखवला जातो' ही सरकारी पत्रकाची भाषा आहे, आणि साधनाच्या मराठीत ती पदोपदी येते. दुरुस्तीसाठी एकच प्रश्न लागतो: कुणी? शिंगं कुणी रंगवली? बाबांनी. मग लिही, 'बाबांनी शिंगे रंगवली.' पोळी कुणी दिली? 'आईने दोघांना पुरणपोळी दिली.' वाक्य लहान झालं, सोपं झालं, आणि घरातली माणसं निबंधात आली. हा एकच बदल नीट केला तरी निबंधाची चाल पालटते.

तिसऱ्या वाक्यात विशेषण आहे, दृश्य नाही. 'आकर्षक', 'सुंदर', 'भव्य', 'मनमोहक' असं काही आलं की विचारायचं, तुला काय दिसलं? मुलगी म्हणाली, लाल्याच्या गळ्यात घुंगरांची माळ होती आणि चांद्याच्या झुलीवर आईच्या साडीचा तुकडा होता. झालं, 'अत्यंत आकर्षक' गेलं.

'केवळ अमुक नसून तमुक आहे' ही जोडणीही पाहून ठेवा. दहा-अकरा वर्षांचं मूल असं बोलत नाही. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेवढा खरा असेल तर ठेवायचा, नसेल तर सगळंच काढायचं. वाक्याची लांबी मोजत बसू नका. मुलाने मोठ्याने वाचावं, आणि जिथे मध्येच श्वास घ्यावा लागला तिथे वाक्य तोडावं.

बोलीचे शब्द किती ठेवायचे, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. माझं मत असं की क्रियापदं आणि विभक्ती प्रमाण मराठीत असाव्यात, कारण शाळेचा निबंध आहे आणि मुलाला ती मराठी लिहिता आली पाहिजे. पण वस्तूंची आणि रीतींची नावं गावचीच राहू द्यावीत. आखर, झूल, झडती, जू, पोळा फुटणे, यांना दुसरा सोपा शब्द नाही. 'आखर' काढून 'मैदान' केलं की गाव पुसलं जातं. शिक्षकांना शब्द नवा वाटेल अशी शंका असेल तर पुढच्याच वाक्यात तो उलगडेल असं लिहावं. कुणाचं बोलणं अवतरणात द्यायचं असेल तर ते बोलीतच द्यावं.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. या विषयात मुलं ठरावीक ठिकाणी चुकतात. 'अमावास्या' हा शब्द 'अमावस्या' असा लिहिला जातो. 'शिंगांना', 'बैलांना' यांतला अनुस्वार सुटतो. आणि 'झूल' मधला दीर्घ ऊ प्रत्यय लागल्यावर ऱ्हस्व होतो, 'झुलीला', तसंच 'फूल' पण 'फुलांनी'. एवढी तपासली तरी पुष्कळ झालं.

तयार झालेला निबंध

हे सगळं केल्यावर मुलीचा निबंध असा झाला:

"आमच्याकडे दोन बैल आहेत. एकाचे नाव लाल्या आणि दुसऱ्याचे चांद्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून तो चांद्या. पोळा श्रावण अमावास्येला असतो. त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाहीत.

आदल्या दिवशी संध्याकाळी आबाजींनी दोघांचे खांदे शेकले. हळद आणि लोणी खांद्यावर चोळले. लाल्याच्या खांद्यावरचे केस जू घासून गेले आहेत. तिथे हात लावला तर कातडी जाड लागते. आबाजी बैलांना म्हणाले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.'

सकाळी आम्ही बैल नाल्यावर नेले. लाल्या पाण्यात शांत उभा राहिला. चांद्या मात्र मागे मागे सरत होता. बाबांनी कासरा ओढला तरी तो येईना. मग आबाजी त्याच्या मानेवर हात फिरवत त्याच्याशी बोलत राहिले. ते काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने चांद्या आपणच पाण्यात आला.

घरी आल्यावर बाबांनी शिंगे रंगवली. रंगाचा डबा मी धरला होता. चांद्याने मान हलवली आणि लाल रंग त्याच्या कानावर पडला. झूल उंदरांनी कुरतडली होती. आईने तिथे जुन्या हिरव्या साडीचा तुकडा लावला.

संध्याकाळी आखरावर पोळा भरला. सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली रांगेत उभे होते. रांगेच्या शेवटी दोन ट्रॅक्टरही होते. त्यांना फुगे बांधले होते. आबाजी म्हणाले की पूर्वी रांग नाल्यापर्यंत जायची. म्हाताऱ्या माणसांनी झडत्या म्हटल्या. मला त्यातले सगळे शब्द कळले नाहीत. पण प्रत्येक झडतीनंतर सगळे 'हर हर महादेव' म्हणत, तेव्हा चांद्या कान टवकारत होता. मग तोरण तुटले आणि पोळा फुटला.

घरी आईने बैलांचे पाय धुतले, कुंकू लावले आणि पुरणपोळी दिली. लाल्याने ती एका घासात खाल्ली. चांद्याने आधी हुंगली, मग ताटातली ज्वारी खाल्ली आणि पोळी सगळ्यात शेवटी."

दिलेले तिन्ही मुद्दे यात आहेत. केव्हा, कसा, आणि महत्त्व दुसऱ्या परिच्छेदात. 'मला सगळे शब्द कळले नाहीत' हे वाक्य तिच्या घरच्यांना काढायचं होतं, कमीपणा दिसतो म्हणून. मी ते ठेवायला सांगितलं, कारण ते खरं आहे आणि त्यातून ती मुलगी तिथे उभी होती हे सिद्ध होतं. शेवटी संदेश नाही. शिक्षकांनी संदेश मागितलाच असेल तर मुलाला एक वाक्य स्वतःच्या मनाने लिहू द्यावं, मग ते 'पुढच्या वर्षी मी झूल उंदरांपासून जपून ठेवणार' असंही असेल.

कुठे बिघडतं

या पद्धतीत सर्वांत मोठा धोका पालकांकडूनच असतो. एकदा दृश्य लिहिण्याची गोडी लागली की मोठी माणसं मुलाच्या वतीने पाहू लागतात. 'बैलाच्या डोळ्यांत मला पाणी दिसले' असं वाक्य येतं, आणि ते मुलाने पाहिलेलं नसतं. साधनाच्या शब्दांऐवजी आता तुमचे शब्द आले, मूल पुन्हा बाहेरच राहिलं. ओळखायचं असेल तर कुठल्याही वाक्यावर बोट ठेवून विचारा, तेव्हा तू कुठे होतीस? पाहिलेलं असेल तर उत्तरासोबत आणखी दोन तपशील येतात. पाहिलेलं नसेल तर मूल तुमच्याकडे बघतं.

दुसरी खूण म्हणजे वही बंद करून सांगायला लावणं. निबंध मुलाचा असेल तर ते वेगळ्या शब्दांत, पण न अडखळता सगळं सांगतं. पाठ केल्यासारखी तीच वाक्यं येत असतील, तर ज्या जागी अडलं तेवढा भाग पुन्हा तिसऱ्या पायरीवर न्यावा. अख्खा निबंध नव्याने लिहायची गरज नसते.

तयार निबंध दुसऱ्या साधनाला देऊन 'सहावीच्या मुलासारखा सोपा कर' असं सांगण्याचा मोहही होतो. त्यातून वाक्यं लहान होतात, क्वचित एखादी चूक मुद्दाम घातली जाते, पण लाल्याच्या खांद्याची जाड कातडी त्यातून येत नाही, कारण ती कुणी सांगितलेलीच नसते. उलट मुलाने सांगितलेले तपशील साधनाला देऊन निबंध करून घेतला, तर तपशील खरे राहतात आणि वाक्यं पुन्हा 'अर्पण करण्यात आला'च्या वळणावर जातात.

शाळेने एआय वापरू नये असं सांगितलं असेल तर पहिल्या पायरीवरचा मजकूरही घेऊ नका. सरळ तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, प्रश्नांची यादी तुमच्याकडे आता आहेच. तसा नियम नसेल, तर निबंध देताना मुलाने शिक्षकांना एवढं सांगावं की मुद्द्यांसाठी साधन वापरलं होतं आणि लिहिलं मी. तुम्ही लिहून घेतलेली टिपणं वहीतच राहू द्यात. शिक्षकांनी काही विचारलं तर ती दाखवता येतात. शिवाय निबंधात न आलेल्या आठवणी, तान्ह्या पोळ्याच्या, मारबतीच्या, पुढच्या वेळी 'माझे आजोबा' किंवा 'माझे गाव' असा विषय आला की हाताशी असतात.